कमी गंधकाचं डिझेल आणि जुना रोटरी पंप: आधी काय तपासायचं, मग काय मिसळायचं

जुन्या ट्रॅक्टरचा डिझेल पंप, म्हणजे नोझलकडे दाबाने डिझेल पाठवणारा पंप, गेला की हल्ली पहिला आरोप डिझेलवर होतो. ‘बीएस-६चं डिझेल कोरडं आहे, पंप खातं’ हे वाक्य मोंढ्यापासून साखर कारखान्याच्या काट्यापर्यंत कुठेही ऐकू येतं. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. उरलेल्या अर्ध्यामुळे लोक टाकीत टू-टी ऑइल, काळं ऑइल, सोयाबीन तेल, काहीही ओततात. मूळ दोष फिल्टरच्या बाउलमध्ये साचलेल्या चमचाभर पाण्यात असतो आणि तो तिथेच राहतो.

हा लेख मुख्यतः एका पंपाबद्दल आहे: सीएव्ही पद्धतीचा डीपीए रोटरी पंप. पर्किन्स घराण्याच्या तीन सिलिंडरच्या इंजिनांवर, म्हणजे जुन्या मॅसी फर्ग्युसनसारख्या ट्रॅक्टरवर तो दिसतो. बॉशचा व्हीई रोटरी पंप जुन्या डिझेल इंडिकासारख्या गाड्यांवर असायचा. त्यालाही यातलं बरंचसं लागू पडतं.

गंधक गेलं, मग वंगण का गेलं?

आपल्याकडे २०१० च्या सुमाराला देशभरात ३५० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ३५० भाग, गंधकाचं बीएस-३ डिझेल मिळत होतं. २०१७ मध्ये सगळीकडे ५० पीपीएम आलं आणि १ एप्रिल २०२० पासून १० पीपीएमचं बीएस-६. ट्रॅक्टरसाठी वेगळं डिझेल नसतं, त्यामुळे तीस वर्षांपूर्वीच्या इंजिनालाही हेच प्यावं लागतं.

गंधक स्वतः फारसं वंगण करत नाही. रिफायनरीत हायड्रोजनच्या दाबाखाली गंधक काढताना त्याच्याबरोबर नायट्रोजन आणि ऑक्सिजन असलेले ध्रुवीय रेणू आणि काही जड ॲरोमॅटिक घटकही कमी होतात. हे रेणू लोखंडाच्या पृष्ठभागाला चिकटून बसायचे आणि अगदी पातळ थर धरायचे. दोन भाग एकमेकांवर घासत असताना मधली तेलाची फिल्म तुटली, तरी हा थर धातूला धातू लागू द्यायचा नाही. तो थर गेला म्हणून डिझेल ‘कोरडं’ झालं.

हे पहिल्यांदा ठळकपणे दिसलं स्वीडनमध्ये. तिथे १९९१ पासून कराची सवलत देऊन अत्यंत कमी गंधकाचं डिझेल आणलं गेलं आणि रोटरी पंप लवकर झिजू लागले. त्यानंतर वंगणक्षमता मोजायची चाचणी ठरली आणि रिफायनऱ्या डिझेलमध्येच वंगण वाढवणारं ॲडिटिव्ह घालू लागल्या.

त्या चाचणीला एचएफआरआर म्हणतात. ६ मिलिमीटरची पोलादी गोळी २०० ग्रॅम वजनाखाली पोलादी चकतीवर ठेवायची आणि १ मिलिमीटरच्या अंतरात सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे घासायची. हे सगळं ६० अंशाच्या २ मिलिलिटर डिझेलमध्ये ७५ मिनिटं चालतं. शेवटी गोळीवर पडलेला झिजेचा डाग सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. डाग जितका मोठा, तितकं डिझेल कोरडं. भारतीय मानक आयएस १४६० प्रमाणे हा डाग ४६० मायक्रॉनच्या आत हवा. युरोपातही हीच मर्यादा आहे. अमेरिकेत ती ५२० मायक्रॉन आहे.

म्हणजे नावाजलेल्या पेट्रोल पंपावरचं, भेसळ नसलेलं बीएस-६ डिझेल या मर्यादेत बसवूनच बाहेर पडतं. बाहेरून घातलेलं ॲडिटिव्ह हा त्यावरचा जास्तीचा विमा झाला. हे डोक्यात ठेवलं की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात.

पायरी १: आपला पंप कोणता ते ओळखा

सगळे जुने पंप सारखे भरडले जात नाहीत. पंपाच्या वरच्या बाजूला नोझलच्या पाइपांचे जोड एका रांगेत असतील तर तो इनलाइन पंप. आपल्याकडे त्याला सरसकट ‘मायको पंप’ म्हणतात. त्याचा कॅमशाफ्ट, टॅपेट आणि बेअरिंग ऑइलमध्ये फिरतात. हे ऑइल एकतर पंपाच्या पोटात वेगळं भरलेलं असतं, नाहीतर इंजिनमधून पाइपने येतं. डिझेलवर अवलंबून असतात ते फक्त प्लंजर आणि बॅरल. म्हणून हा पंप कमी गंधकाचं डिझेल बऱ्यापैकी सहन करतो. वेगळं ऑइल असलेल्या इनलाइन पंपात एक गोष्ट पाहत जा: काडीवर ऑइलची पातळी आपोआप वाढत असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल, तर प्लंजर गळतोय आणि पातळ झालेलं ऑइल कॅमला पुरेनासं होतंय. ते बदला. डिझेलमध्ये काहीही ओतून हा दोष जात नाही.

विहिरीवरच्या एक सिलिंडर इंजिनाचा छोटा पंपही याच जातीचा, कारण त्याचा कॅम इंजिनच्या ऑइलमध्येच असतो.

डीपीए दिसायला गोल आणि ठेंगणा असतो. नोझलचे पाइप त्याच्या हेडभोवती गोलाकार लावलेले असतात. ऑइल भरायची जागाच नसते, कारण आत ऑइल नसतंच. पंपाचं पूर्ण पोट डिझेलने भरलेलं असतं आणि सगळे फिरते भाग त्याच डिझेलवर जगतात. मागच्या टोकाला डिझेल पुढे ढकलणाऱ्या ट्रान्सफर पंपाच्या दोन पट्ट्या लायनरवर घासत फिरतात. मध्ये रोटर हेडच्या भोकात काही मायक्रॉनच्या फटीत फिरतो. रोटरमधले दोन प्लंजर समोरासमोर दाबले जातात, आणि त्यांना दाबणारे रोलर व शूज कॅम रिंगच्या आतल्या अंगावर आपटत-लोळत जातात. वंगणक्षमता कमी पडली की पहिला मार या सगळ्यांना बसतो. व्हीई पंपाचंही तेच: कॅम प्लेट, रोलर आणि एकुलता एक प्लंजर, सगळं डिझेलमध्ये.

पायरी २: वंगणाला दोष देण्याआधी पाणी, घाण आणि रॉकेल बाजूला काढा

ही पायरी कंटाळवाणी आहे, पण निम्मे पंप इथेच वाचतात.

ट्रॅक्टर रात्रभर उभा ठेवा. सकाळी सुरू न करता फिल्टरच्या बाउलखालचा ड्रेन सैल करा आणि पहिला कपभर द्रव पारदर्शक काचेच्या बाटलीत घ्या. बाटली तासभर हलवू नका. पाणी असेल तर तळाशी वेगळा थर दिसेल. काळा चिकट गाळ असेल तर टाकीत जंतूंची वाढ झालेली आहे. हे पावसाळ्यात अर्ध्या रिकाम्या टाकीत हमखास होतं. तांबूस गाळ असेल तर टाकी आतून गंजलेली आहे. यापैकी काहीही दिसलं तर टाकी उतरवून धुवा, दोन्ही फिल्टर बदला आणि मगच पुढचं बोला.

मग डिझेलची घनता. पेट्रोल पंपावर हायड्रोमीटर, थर्मामीटर आणि तक्ता ठेवलेला असतो. ग्राहकाने मागितलं तर घनता मोजून दाखवावी लागते. १५ अंशाला काढलेली घनता पंपावरच्या त्या दिवशीच्या नोंदीपेक्षा घनमीटरला ३ किलोहून जास्त वेगळी निघाली तर त्या डिझेलवर संशय घ्यायला जागा आहे. बीएस-६ डिझेलची घनता साधारण ८१० ते ८४५ च्या दरम्यान असते. रॉकेल हलकं असतं आणि ते मिसळलं की आकडा खाली येतो.

रॉकेल दोन बाजूंनी मारतं. त्याची चिकटी डिझेलपेक्षा खूप कमी असते, त्यामुळे रोटरच्या फटीतली फिल्म पातळ होते. शिवाय त्याची स्वतःची वंगणक्षमताही कमी असते. थंडीत किंवा नोझल ‘साफ’ करायला डिझेलमध्ये रॉकेल घालायची जुनी सवय काही मिस्त्रींना आहे. जास्त गंधकाच्या डिझेलच्या काळात ती खपून जायची. आता रोटरी पंपाच्या बाबतीत ती सरळ सोडून द्यावी.

रस्त्याकडेला टँकरमधून किंवा साध्या टाकीतून ‘बायोडिझेल’ या नावाखाली स्वस्तात विकलं जाणारं इंधन हाही याच पायरीचा विषय. त्यात खरं बायोडिझेल किती आणि औद्योगिक तेल किती, याचा कागद कुणी देत नाही. पेट्रोल पंपावरच्या डिझेलची ४६० मायक्रॉनची हमी तिथे लागू नसते. मी तरी ते टाकीत जाऊ देणार नाही.

पायरी ३: गरम झाल्यावर ओल्या फडक्याची परीक्षा

डीपीए झिजला की बहुतेकदा एकच तक्रार येते: सकाळी इंजिन पहिल्या सेल्फला सुरू होतं, पण दोन तास काम करून बंद केलं की परत सुरू होत नाही. अर्धा तास थांबलं की होतं.

असं का, हे समजून घेण्यासारखं आहे. डिझेल गरम झालं की पातळ होतं. सेल्फवर इंजिन मिनिटाला साधारण दीडशे-दोनशे फेऱ्यांनी फिरतं, म्हणजे पंप त्याच्या निम्म्या वेगाने. इतक्या कमी वेगात दाब तयार व्हायला जास्त वेळ लागतो आणि तेवढा वेळ पातळ डिझेल रोटरच्या झिजलेल्या फटीतून मागे गळत राहतं. नोझल उघडायला लागणारा दाब येतच नाही. थंड डिझेल जाड असतं, गळती कमी होते आणि इंजिन सुरू होतं. म्हणून दोष गरम असतानाच दिसतो.

तपासायचं असं. इंजिन गरम होऊन बंद पडलं आणि सेल्फवर घेत नाही, अशा वेळी इंजिन पूर्ण बंद ठेवा. थंड पाण्यात भिजवलेल्या चिंध्या पंपाच्या हेडभोवती गुंडाळा आणि दहा-पंधरा मिनिटांनी बदला. मग सेल्फ मारा. लगेच सुरू झालं तर हेड आणि रोटर झिजलेत, यात फारशी शंका उरत नाही. गरम पंपावर बादलीने गार पाणी ओतू नका, आणि पंप फिरत असताना तर अजिबात नाही. बाहेरचं हेड एकदम आकसलं आणि आतला रोटर गरमच राहिला तर तो जागीच जाम होतो; तेवढ्यात ड्राइव्ह तुटू शकतो.

ओल्या फडक्याने काहीच फरक पडला नाही तर हेडला दोष देऊ नका. फीड पंप, चोंदलेला फिल्टर किंवा कुठून तरी एअर पकडणं, यातलं काहीतरी असेल.

एअर पकडण्यावरून आठवलं. कमी गंधकाच्या डिझेलमध्ये ॲरोमॅटिक घटकही कमी असतात. जुने रबरी सील वर्षानुवर्षं जास्त ॲरोमॅटिकच्या डिझेलमध्ये फुगून बसलेले असतात. डिझेल बदललं की ते आकसतात, आणि थ्रॉटलच्या शाफ्टपाशी किंवा कव्हरच्या कडेला पाझर सुरू होतो. लोक हेही ‘कोरड्या डिझेलचं’ पाप समजतात आणि ॲडिटिव्ह ओततात. आकसलेला सील कोणत्याही ॲडिटिव्हने भरवशाने परत फुगत नाही. सील किट बदलायचा. मिळत असेल तर व्हायटॉनचा घ्यायचा.

पायरी ४: पंप उघडला तर तुकडे स्वतः पाहा

पंप रूममध्ये पंप खोलला जातो तेव्हा मालक सहसा तिथे नसतो. ‘हेड गेलं’ एवढंच फोनवर कळतं. शक्य असेल तर जा आणि जुने भाग हातात घेऊन पाहा, कारण पंप कशाने गेला हे त्या भागांवर लिहिलेलं असतं.

रोटर उजेडात धरून फिरवा. त्याच्या अंगावर उभ्या-आडव्या बारीक चऱ्या दिसत असतील आणि डिझेल आत-बाहेर जायच्या भोकांच्या कडा मॅट, खरवडल्यासारख्या झाल्या असतील, तर तो धुळीचा मार आहे. फिल्टर हलका होता किंवा तो बदलताना घाण आत गेली. तपकिरी डाग आणि सुईने टोचल्यासारखे खड्डे असतील तर पाणी. पाण्याने गेलेला पंप बऱ्याचदा महिना-दोन महिने उभा असताना जाम होतो.

वंगण कमी पडल्याची खूण वेगळी असते. कॅम रिंगच्या टेकाडांवर आणि रोलरवर धातू घासून चकाकतो, मग ओरखडतो आणि एका भागाचा धातू दुसऱ्यावर लिंपल्यासारखा दिसतो. ट्रान्सफर पंपाच्या पट्ट्यांच्या कडा धारदार किंवा तिरक्या झिजतात. ड्राइव्हच्या खाचा चकचकीत होऊन सैल पडतात. काही वेळा रोलरवर उष्णतेने पिवळट-निळसर छटा येते. पंपाच्या पोटातलं डिझेल पांढऱ्या फडक्यावर गाळलं तर बारीक चंदेरी चुरा दिसतो आणि लोहचुंबक फिरवला की तो एका बाजूला सरकतो.

अशी खूण दिसली, पाणी-धूळ नसली, तरच डिझेलच्या वंगणाचा प्रश्न खरा. भेसळीचाही संशय तेव्हा घ्यायचा. माझ्या पाहण्यात या तिसऱ्या गटातले पंप पहिल्या दोन गटांपेक्षा कितीतरी कमी असतात.

पायरी ५: काय मिसळायचं, काय नाही

आता पर्याय. यात मत देण्याआधी एक चाचणी सांगतो, कारण तिचे आकडे समाजमाध्यमांवर नेहमी फिरतात. अमेरिकेत २००७ च्या सुमाराला डिझेल गाड्यांच्या हौशी मालकांनी बाजारातली अनेक ॲडिटिव्हं एकाच डिझेलमध्ये घालून एचएफआरआर चाचणी करून घेतली. मूळ डिझेल मुद्दाम विना-ॲडिटिव्ह घेतलं होतं. त्याचा डाग ६३६ मायक्रॉन आला. २ टक्के सोया बायोडिझेल घातल्यावर तो २२१ वर आला. टू-स्ट्रोक ऑइल दोनशेला एक या प्रमाणात घातल्यावर ४७४. आणि ‘पंपासाठी उत्तम’ म्हणून विकली जाणारी काही ॲडिटिव्हं घातल्यावर डाग मूळ डिझेलपेक्षाही मोठा झाला.

हे आकडे वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. याच चाचणीच्या जुन्या आवृत्तीत एकाच प्रयोगशाळेत एकाच नमुन्याच्या दोन निकालांत सुमारे ६० मायक्रॉनपर्यंतचा फरक धरून चालत. म्हणजे ४७४ आणि ४९० मध्ये चांगलं-वाईट ठरवायचं कारण नाही. २२१ आणि ४७४ मध्ये मात्र खरा फरक आहे. दुसरं, ६३६ चं डिझेल आपल्या पेट्रोल पंपावर मिळत नाही. ज्यात ॲडिटिव्ह आधीच आहे त्यात आणखी घातल्यावर फायदा कमीच होतो, कारण धातूचा पृष्ठभाग एकदा झाकला गेला की जास्तीच्या रेणूंना बसायला जागा नसते.

*बायोडिझेल, १ ते २ टक्के.* जुन्या रोटरी पंपासाठी माझी पहिली पसंती हीच, फक्त माल खरा हवा. आयएस १५६०७ प्रमाणे तपासलेलं, उत्पादकाच्या चाचणी अहवालासहित घेतलेलं बायोडिझेल. घरी एक साधी परीक्षा करता येते: बाटलीत निम्मं बायोडिझेल, निम्मं पाणी घेऊन जोरात हलवा आणि अर्धा तास ठेवा. चांगलं बायोडिझेल लवकर वर येतं, पाणी खाली जवळजवळ स्वच्छ राहतं. मधे दुधाळ, साबणासारखा जाड थर राहिला तर त्यात साबण किंवा अर्धवट प्रक्रिया झालेलं तेल आहे. ते परत करा. बायोडिझेलचे तोटेही आहेत. ते हवेतली ओल डिझेलपेक्षा कितीतरी जास्त धरतं, जुनं झालं की आंबतं आणि टाकीत वर्षानुवर्षं चिकटलेला गाळ सोडवतं. म्हणून सहा महिन्यांपेक्षा जुना साठा वापरू नका आणि पहिल्या दोन-तीन टाक्यांनंतर फिल्टर बदलाच. एवढ्या कमी प्रमाणात रबरी नळ्यांना सहसा त्रास होत नाही. २० टक्क्यांचं मिश्रण ही वेगळी गोष्ट आहे.

*बाजारातलं लुब्रिसिटी ॲडिटिव्ह.* यात मुख्यतः दोन जाती असतात. एक फॅटी ॲसिडवर आधारलेली, दुसरी एस्टरवर. आम्लाची जात स्वस्त असते आणि चालतेही. पण टाकीत खारं पाणी असेल किंवा इंजिन ऑइल डिझेलमध्ये मिसळलेलं असेल तर त्यातल्या सोडियम-कॅल्शियमशी जुळून साबण तयार होतो आणि फिल्टर बुजतो. एस्टरची जात तटस्थ असते, हा धोका तिथे फार कमी. बाटलीवर ‘लुब्रिसिटी’ हा शब्द आणि मात्रा स्पष्ट लिहिलेली हवी. ‘मायलेज वाढवते, काजळी काढते, पंप नवा करते’ असं सगळं एका बाटलीत असेल तर ती बहुधा डिटर्जंट आणि सीटेन, म्हणजे डिझेल चटकन पेटायची क्षमता, वाढवणाऱ्या रसायनाची असते, आणि त्यातलं काही वंगणाच्या उलटही जातं. मात्रा लिहिल्यापेक्षा दुप्पट केल्याने काही मिळत नाही.

*टू-टी ऑइल, दोनशेला एक.* तालुक्याच्या गावात सहज मिळतं, म्हणून लोकप्रिय. काम करतं, पण मध्यमच. राखेचं प्रमाण कमी असलेलं, कमी धुराचं ऑइल घ्या. जुन्या इंजिनाला चालतं. धुरातली काजळी गाळणारा डीपीएफ फिल्टर असलेल्या बीएस-६ गाडीत मात्र टाकू नका, ऑइलची राख त्या फिल्टरमध्ये अडकते आणि जळत नाही. बायोडिझेल किंवा एस्टरचं ॲडिटिव्ह मिळेपर्यंतची सोय म्हणून ठीक.

*इंजिन ऑइल, नवं किंवा काळं.* नव्या ऑइलमधल्या धातूंच्या क्षारांमुळे नोझलच्या टोकाला राख बसते, आणि वर सांगितलेला साबणाचा प्रकारही होतो. काळं ऑइल तर बोलायलाच नको: त्यात काजळी आणि धातूचा चुरा असतो, आणि तो मायक्रॉनच्या फटीत पाठवायचा म्हणजे वाळूने घासण्यासारखं आहे. तरी लोक म्हणतात, ‘दोन लिटर ऑइल टाकलं आणि गरम स्टार्ट सुधारला.’ सुधारतो, खरंय. ऑइलने डिझेल जाड झालं, झिजलेल्या फटीतून गळती कमी झाली, एवढंच. झीज तिथेच आहे आणि आता नोझल काजळत चाललेत.

*खाद्यतेल.* सोया, करडई, करंज, कोणतंही तेल थोडं घातलं तर वंगण वाढतं, हे खरं. पण न शिजवलेलं तेल उष्णतेने घट्ट होऊन नोझलवर लाखेसारखं बसतं, आणि पिस्टनच्या रिंगाही चिकटवू शकतं. बायोडिझेल म्हणजे तेच तेल, फक्त हा दोष काढलेलं. मग कच्चं कशाला घालायचं?

पायरी ६: मिसळायचं कसं

४५ लिटरची टाकी धरू. १ टक्का बायोडिझेल म्हणजे ४५० मिलिलिटर, २ टक्के म्हणजे ९००. दोनशेला एक टू-टी म्हणजे २२५ मिलिलिटर. बाटलीवर हजाराला एक लिहिलेलं ॲडिटिव्ह असेल तर ४५ मिलिलिटर. यातलं एकच निवडायचं. तिन्ही एकत्र करून काही मोठं घडत नाही.

टाकी निम्म्याहून कमी असताना आधी मिसळायचा पदार्थ ओता आणि मग वरून डिझेल भरा. भरताना होणाऱ्या खळबळीत तो नीट मिसळतो. भरलेल्या टाकीत वरून ओतला तर जड पदार्थ तळाशी बसू शकतो आणि पहिला घोट जास्तीचा जातो. शेतावर २०० लिटरचा ड्रम ठेवत असाल तर ड्रममध्येच मिसळा (१ टक्क्याला २ लिटर), पण ड्रमच्या तळाला पाणी नाही याची आधी खात्री करा. पाणी असलं की ॲडिटिव्हचा काही भाग त्यात आणि गाळात अडकतो. ड्रम किंचित तिरका ठेवा आणि नळी तळापासून चार बोटं वर.

फिल्टर बदलल्यावर डीपीएमधली हवा काढायची असते. फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू सैल करून हॅन्ड प्रायमर मारा, बुडबुडे थांबले की घट्ट करा. मग पंपाच्या हेडवरचा ब्लीड, मग वरच्या गव्हर्नरच्या घरावरचा. शेवटी दोन नोझलचे पाइप सैल करून, ॲक्सिलरेटर पूर्ण ओढून सेल्फ मारा. पाइपाच्या तोंडाशी डिझेल आलं की आवळा. हवा राहिलेली असताना सेल्फ मारत राहणं टाळा, कारण तेवढा वेळ पंप अक्षरशः कोरडा फिरतो. नवं हेड खराब व्हायला तेवढंही पुरतं.

एक उदाहरण, सुरुवातीपासून

साधारण १९९५ चा तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर, डीपीए पंप, ऊस वाहतुकीला. तक्रार अशी: कारखान्याच्या वजनकाट्यावर रांगेत बंद केला की अर्धा तास सुरू होत नाही, मागची रांग हॉर्न वाजवते. मालकाने आधीच दोनशेला एक टू-टी सुरू केलं होतं. थोडा फरक पडला, पण पंधरा दिवसांत पुन्हा तेच.

बाउल काढून पाहिला तेव्हा तळाशी चमचाभर पाणी आणि तांबूस गाळ निघाला. टाकी धुतली, फिल्टर बदलले, हवा काढली. गरम स्टार्ट तसाच राहिला. मग काट्यावरच ओली फडकी गुंडाळली. बारा मिनिटांनी सेल्फला एका झटक्यात सुरू झाला. इथे ॲडिटिव्हची चर्चा संपली. पंप खोलावाच लागणार होता.

खोलल्यावर रोटरवर उभ्या चऱ्या आणि ट्रान्सफर पंपाच्या लायनरवर गंजाचे ठिपके दिसले. कॅम रिंग आणि रोलर मात्र बऱ्यापैकी चांगले होते, ओरखडा नव्हता. म्हणजे गुन्हेगार पाणी आणि गंज, बीएस-६ नव्हे. हेड आणि रोटर जोडीनेच बदलले (हे एकमेकांना जुळवून घासलेले असतात, त्यामुळे एकटा रोटर कधी बदलू नये). पट्ट्या, लायनर, सील किट नवे घातले. कॅलिब्रेशन करून घेतलं, आणि बेंचवर ट्रान्सफर पंपाचा दाब आणि सेल्फच्या वेगावर मिळणारं डिझेल किती, हे दोन्ही आकडे कागदावर लिहून मागितले. हा कागद पुढच्या वेळी फार उपयोगी पडतो.

नंतर काय मिसळायचं? टाकीच्या तळाचा गंज पूर्ण निघेपर्यंत बायोडिझेल नको, असं ठरवलं, कारण ते गाळ सोडवून नव्या हेडकडे पाठवेल. दोन महिने एस्टरचं ॲडिटिव्ह हजाराला एक, दर पंधरवड्याला बाउल रिकामा करून पाहणं. बाउल सलग स्वच्छ यायला लागला की १ टक्का बायोडिझेल, आणि तिसऱ्या टाकीनंतर एकदा फिल्टर. पावसाळ्यात ट्रॅक्टर उभा राहणार असेल तेव्हा बायोडिझेल बंद, टाकी शिगोशीग भरून ठेवायची, म्हणजे आत ओल धरायला हवाच उरत नाही.